पहिल्यांदा एकटीने गोवा: किनारा नंतर निवडा, आधी संध्याकाळ बघा

प्रश्न: "वय ३६, ठाण्यात राहते, नोकरी करते. आजवर एकटीने प्रवास केला तो फक्त ऑफिसच्या कामासाठी. जानेवारीत गुरुवार ते रविवार फक्त स्वतःसाठी गोव्याला जायचं मनात आहे. पब-पार्टी नको, पण चार दिवस तोंडाला कुलूप लावूनही बसायचं नाही. कुणाशी सहज बोलणं होईल असं काहीतरी हवं. सगळे म्हणतात दक्षिण गोवा शांत आहे, तिकडेच जा. पाळोळे घेऊ की आगोंद? आणि स्कूटर घ्यावी का?"

दोन्ही नको. मुक्काम पणजीत करा आणि किनाऱ्यावर दिवसा जाऊन या. पाळोळे आणि आगोंद दोन्ही देखणी ठिकाणं आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही जे मागताय ते तिथे मिळणं अवघड आहे. मी पणजीतल्या मळा नावाच्या जुन्या वस्तीत पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. एकट्या येणाऱ्या बायका माझ्याकडे बऱ्याच उतरतात आणि त्यांतल्या पुष्कळजणी आधी दक्षिणेत एक-दोन रात्री काढून आलेल्या असतात. त्यांच्याकडून जे ऐकते आणि रोज डोळ्यांसमोर जे बघते त्यावरून सांगते.

हे उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही, हेही आधीच सांगून टाकते. रात्री संगीत हवं, नवी तरुण मंडळी हवीत, झोप कमी झाली तरी चालेल असं असेल तर हणजूण-वागातोरकडच्या एखाद्या हॉस्टेलातली फक्त मुलींची खोली बरी. तिथे ओळखी करायला काही करावंच लागत नाही. याउलट कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, चार पुस्तकं वाचून काढायची आहेत आणि दुपारी झोपायचं आहे, असं असेल तर आगोंदसारखी जागा नाही. तुम्ही या दोन्हींच्या मधलं मागताय आणि गोव्याच्या जाहिरातींत नेमकं तेच कुठे दिसत नाही.

"शांत" म्हणजे "सोयीचं" असं आपण धरून चालतो, गफलत तिथे होते. दिवसा गोवा बहुतेक सगळीकडे बरा असतो. प्रश्न येतो तो संध्याकाळी. जानेवारीत इथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही झोपणार साडेदहाला. मधले चार तास काय करणार, कुठे बसणार, कुठून कुठे चालत जाणार, हे आधी ठरवा. ठिकाण त्यावरूनच ठरेल.

आगोंदला ते चार तास असे जातात. सूर्यास्त बघायला सगळे वाळूवर येतात, तोवर मजा असते. मग काळोख पडतो. शॅकमध्ये मेणबत्त्या लावलेली टेबलं असतात आणि बहुतेकांवर जोडपी किंवा कुटुंबं. तुम्ही एका टेबलावर बसता, वेटर दुसरी खुर्ची उचलून नेतो, जेवण यायला पाऊण तास लागतो. जेवून खोलीवर निघालात की आतल्या रस्त्यावर दिवे तुरळक. रिक्षा हाक मारली की येईल अशी नाही. धोका असतोच असं मी म्हणत नाही, तिथली गावं तशी साधी आहेत. पण आपण एकट्या आहोत याची आठवण मात्र दर दहा मिनिटांनी होत राहते. दुसऱ्या दिवशी वाटलं की इथून हलावं, तर पणजी सत्तर-एक किलोमीटरवर आणि आगाऊ भरलेले पैसे गेले.

कळंगुट-बागाकडे उलटं. तिथे माणसं भरपूर, दिवे भरपूर, पण शनिवार-रविवारी गर्दी होते ती मोठ्या संख्येनं मित्रांच्या टोळक्यांची. "मॅडम, एक सेल्फी" म्हणणारे, मागे लागणारे, उगाच शेजारी येऊन बसणारे. ती गर्दी तुमच्या कामाची नाही.

मग पणजी का? कारण ते नोकरदारांचं गाव आहे. संध्याकाळी सहा-सात वाजता कचेऱ्या सुटतात, बायका एकेकट्या बाजारात भाजी घेत असतात, कांपालच्या पदपथावर किंवा मिरामारला पायात बूट घालून झपाझप चालत असतात, मुलांना क्लासवरून आणत असतात. त्यात तुम्ही एकट्या चाललात तर कुणी वळून बघत नाही, कारण वळून बघण्यासारखं काही नसतंच. एकटीसाठी कुठलंही गाव पारखायचं असेल तर माझी खूण हीच: सातच्या सुमाराला तिथल्या स्थानिक बायका आपापल्या कामाने एकट्या फिरताना दिसतात का? दिसत असतील तर तुम्हालाही जमेल. गावात फक्त पर्यटकच दिसत असतील तर पहिल्या सहलीला ते गाव नको.

आणखी एक फायदा तुम्हाला आहे, तो परप्रांतातल्या बाईला नाही. इथे मराठी बहुतेकांना कळते. बोलताना समोरचा कोंकणी मिसळेल, तुम्ही मराठीत उत्तर द्या, संभाषण आरामात चालतं. सकाळी सायकलवर पाव घेऊन येणारा पोदेर असो की फुलवाली, "कुठच्या तुम्ही?" हा प्रश्न येतोच. "एकट्याच आलात?" हाही येतो. विचारणारी पन्नाशीची बाई असेल तर खरं सांगा, ती जेवायला कुठे जायचं ते सांगेल. टॅक्सीवाल्याने विचारलं तर "मैत्रीण खोलीवर आहे" म्हणायला काही हरकत नाही.

पणजीतही सगळी ठिकाणं सारखी नाहीत. मळा, फोंतेन्यस आणि सांतोमे हा जुना भाग पायी फिरायला सगळ्यांत सोपा: गल्ल्या अरुंद, घरं खेटून, खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या, म्हणजे रात्री नऊलाही कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येतो. (दिवसा मात्र फोटो काढणाऱ्यांचा ताप असतो. राहणारी माणसं वैतागलेली आहेत, कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका.) कांपाल-मिरामार बाजू मोकळी, थोडी महाग, चालायला उत्तम. आल्तिनोची टेकडी सुंदर आहे, पण चढाच्या रस्त्यावर रात्री माणूस दिसत नाही. पाटो भागात, बसस्टँडच्या आसपास, हॉटेलं बरी मिळतात, मात्र कचेऱ्या बंद झाल्या की तिथले रस्ते ओस पडतात. नदीकाठी कॅसिनोंच्या धक्क्यांसमोरचा पट्टा झगमगीत असतो. त्या उजेडाला भुलू नका. रात्री उशिरा तिथे दलाल आणि प्यायलेली मंडळीच जास्त.

खोली ठरवताना ॲपवर फोटो बघा, पण पैसे भरण्याआधी एक फोन कराच. चादरी-गिझरचं विचारण्यापेक्षा हे विचारा: "रात्री तिथे कोण झोपतं?" मालक किंवा मालकीण त्याच घरात राहत असतील तर उत्तर चटकन येतं. "तसा आमचा माणूस असतो, फोन केला की येतो" असं उत्तर आलं तर रात्री तिथे कुणीही नाही असं समजा. दुसरा प्रश्न, "मी साडेदहाला आले तर दार कोण उघडेल?" बऱ्याच जुन्या घरांत बाहेरचं फाटक दहाला बंद होतं. ते आधी कळलेलं बरं. आणि परीक्षणं वाचाल तेव्हा एकट्या राहिलेल्या बायकांचीच शोधून वाचा. जोडप्याला आवडलेली खोली आणि एकटीला आवडलेली खोली यांत फरक असतो. जोडपं बाल्कनीबद्दल लिहितं, एकटी बाई जिन्यातल्या दिव्याबद्दल लिहिते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, आणि मला वाटतं तोच जास्त अवघड आहे. "सहज बोलणं व्हावं" म्हणून बायका काय करतात, तर एखाद्या छानशा कॅफेत जाऊन पुस्तक उघडून बसतात. तिथे कुणी बोलत नाही. आणि जो आपणहून बोलायला येतो तो बहुधा आपल्याला नको असलेला असतो. अनोळखी माणसांशी बोलणं सोपं व्हायला तीन गोष्टी लागतात. कार्यक्रमाला ठरलेली वेळ हवी, हाताला किंवा डोळ्यांना काम हवं, आणि तो आपोआप संपायला हवा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. दोन तासांनी सगळे उठणारच आहेत हे माहीत असलं की बोलायला भीती वाटत नाही. नाही जमलं, तर आपलं आपण निघून जायचं.

या तिन्हींत बसणारा माझा आवडता प्रकार म्हणजे घरगुती स्वयंपाकाचा वर्ग. पणजीत आणि आसपासच्या गावांत असे वर्ग घेणाऱ्या बायका आहेत. सहा-आठ जण, तीन-साडेतीन तास, शेवटी केलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. समजा बांगड्याला रेशाद मसाला भरायचा आहे. लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, थोडी चिंच, हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाणी घालायचं नाही. मग बांगड्याला मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी लांब चीर द्यायची आणि दोन बोटांनी मसाला आत दाबत न्यायचा. ते करताना पहिल्या फटक्यात कुणाचा तरी बांगडा फाटतोच. फाटला की सगळे हसतात, आणि शेजारची विचारते, "तुमचा कसा राहिला शाबूत?" झालं, बोलणं सुरू. त्यासाठी स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही, नवरा काय करतो हे कुणी विचारत नाही. हात माखलेले असतात त्यामुळे कुणी फोनही बघत नाही. शाकाहारी असाल तर आधी सांगा. खतखते, तोंडाक, सोलकढी असं शिकवतात.

पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. "ग्रुप" म्हणून जाहीर केलेला वर्ग आडवारी अनेकदा भरत नाही, मग तो दोघांतिघांवर चालवतात. ते दोघं नुकतं लग्न झालेलं जोडपं असलं तर तिसऱ्या तुम्ही. माझ्याकडे राहिलेल्या एका मुलीने असा एक अख्खा दिवस त्या दोघांचे फोटो काढण्यात घालवला होता. म्हणून नोंदणी करताना सरळ विचारा की त्या दिवशी आणखी किती जण आहेत, आणि ते एकत्र आलेले आहेत की सुटे. चालवणाऱ्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. सुटी माणसं कमी असतील तर "शनिवारी या" असं तेच सांगतात. सगळं शनिवार-रविवारी ठेवायचं आणि गुरुवार-शुक्रवार स्वतःसाठी, हा हिशोब तुमच्या चार दिवसांत नेमका बसतो.

जुन्या वस्तीतून दोन तास पायी फिरवणारे वाटाडे असतात, तोही चांगला प्रकार. तिथे बोलण्याचं ओझं वाटाड्यावर असतं. तुम्ही नुसतं ऐकलं तरी चालतं, आणि फिरून झाल्यावर भूक लागलेली असते म्हणून चार जण एकत्र खायला जातात. फार बोलायला आवडत नसेल तर चोडणला होडीतून पक्षी बघायला जा. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की सलीम अली पक्षी अभयारण्य. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. तिथे खारफुटीच्या चिंचोळ्या खाड्यांतून होडी जाते ती भरतीला. ओहोटीला चिखलच उघडा पडतो. म्हणून होडीवाल्याला "सकाळी किती वाजता" असं विचारण्यापेक्षा "त्या दिवशी भरती कधी" असं विचारा. त्याने वेळ न बघता सरसकट आठ वाजता सांगितलं तर दुसरा बघा. होडीत चार-पाच माणसं असतात, सगळ्यांना गप्प बसावंच लागतं, आणि खंड्या दिसला की सगळे एकदमच एकमेकांना खुणावतात. काही जणींना एवढीच सोबत पुरते.

रात्रीसाठी नाटक. गोव्याला नाटकाचं वेड आहे, आणि ते मराठी नाटकाचंही आहे. कांपालला कला अकादमी, आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्था. स्थानिक मराठी दैनिकात त्या दिवशीचे कार्यक्रम छापून येतात, सकाळी चहा पिताना तेवढं बघायचं. कोंकणी तियात्र लागला असेल तर तोही बघा, अर्धं कळेल आणि गाण्यांत मजा येईल. नाट्यगृहात एकटीने बसणं ही जगातली सगळ्यांत नैसर्गिक गोष्ट आहे, कारण काळोखात सगळेच एकटे बसलेले असतात. आणि मध्यंतरात वड्याच्या रांगेत शेजारचा माणूस नाटकाबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही.

आता एक गोष्ट सांगते ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. एकट्या आलेल्या बाईचा अवघड काळ पहिली रात्र नसतो. पहिल्या रात्री नवलाई असते, दमलेलीही असते, झोप लागते. अवघड असते दुसरी संध्याकाळ. दिवसभर फिरून झालेलं असतं, पाच वाजता खोलीवर येते, आंघोळ करते आणि मग पुढे काय ते समजत नाही. ती येऊन मला विचारते, "उद्या सकाळी मुंबईला बस किती वाजता असते?" हा प्रश्न आला की मी ओळखते. नाशिकच्या एक शिक्षिका अशाच विचारायला आल्या होत्या. मी बसची वेळ सांगितली आणि त्याच दमात म्हटलं की आज कला अकादमीत नाटक आहे, सातला सुरू होतं, रिक्षा मी बोलावते. जरा कुरकुरत गेल्या. साडेदहाला परत आल्या त्या इथल्या, पणजीजवळच्या सांताक्रूझच्या दोन बहिणींनी गाडीने सोडलं म्हणून, आणि दुसऱ्या अंकावर त्या तिघींचा जो वाद झाला होता तो मला पुन्हा जिन्यात ऐकावा लागला. बसचा विषय निघाला नाही.

यावरून काम एकच करायचं: दुसऱ्या संध्याकाळचा कार्यक्रम ठाण्यात बसूनच ठरवून ठेवा, शक्य तर पैसे भरून. बाकी तीन दिवस वाऱ्यावर सोडले तरी चालतील.

तुमचे चार दिवस असे मांडता येतील. गुरुवारी जनशताब्दी घ्या. ती पहाटे सुटते आणि दुपारी मडगावला पोचते, म्हणजे उजेड असताना तुम्ही खोलीवर. रात्रीची स्लीपर बस मी पहिल्या सहलीला सुचवत नाही, कारण ती तुम्हाला सकाळी सहाला पणजीत उतरवते आणि खोली मिळते बाराला. मधले सहा तास बॅग घेऊन बसायचं म्हणजे सुरुवातच वैतागाची. मडगाव स्टेशनवरून कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसच्या, स्टँडवर रिक्षाने जा, तिथून पणजीची विनाथांबा बस मिळते, साधारण तासाभराचा रस्ता. तिकिटासाठी रांग असते आणि सगळ्यांना बसायला जागा मिळते, उभं कुणाला नेत नाहीत. संध्याकाळी काही ठरवू नका. मळ्यातल्या खाडीकाठाने एक फेरी मारा, लवकर जेवा. मालकिणीला विचारा की रात्री कुठल्या रस्त्याने यायचं आणि कुठल्या टाळायच्या. पाच मिनिटांत ती जे सांगेल ते नकाशावर नाही.

शुक्रवार किनाऱ्याचा, तो आडवार आहे म्हणून. सकाळी सातच्या आसपास निघा, मडगाव आणि तिथून बसने कोलवा किंवा बाणावली. अकरापर्यंत पाण्यात-वाळूत, मग सावलीत जेवण, तीनला परत फिरा. समुद्रात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. तिथे जीवरक्षकाची नजर असते. नुसता लाल झेंडा असेल तिथे गुडघाभरही नको. एकटीने पाण्यात जाताना फोन-पाकिटाचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शॅकमध्ये आधी चहा-नाश्ता घ्या, गल्ल्यावरच्या माणसाला सांगून तिथे ठेवा, आणि मुळात बरोबर थोडेच पैसे न्या. चटई अंथरायची ती जीवरक्षकाच्या मनोऱ्याजवळ किंवा एखाद्या कुटुंबाच्या शेजारी. मिरामारला मात्र पोहायचं नाही. तिथे मांडवी समुद्राला मिळते आणि ओढ फसवी असते. ते संध्याकाळी चालायचं ठिकाण. आणि शुक्रवारी संध्याकाळी नाटक, किंवा नाटक नसेल तर अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची फरशी, रंगवायचा एखादा छोटा वर्ग. हीच तुमची ती दुसरी संध्याकाळ.

शनिवारी स्वयंपाकाचा वर्ग. सकाळी त्याआधी काही ठेवू नका. वर्ग संपेल दोनच्या सुमाराला, पोट भरलेलं असेल, झोपा. संध्याकाळी वर्गातल्या कुणाबरोबर मिरामारला जायचं ठरलं तर उत्तम, नाही ठरलं तर एकट्या जा. तिथे शनिवारी अर्धी पणजी असते. कुणी ओळख झालेल्याने "रात्री बागाला येतेस का" विचारलं तर परत कशानं यायचं हे आधी ठरवा, मग हो म्हणा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स ॲपवरून टॅक्सी मिळते, पण रात्री किनाऱ्याकडच्या भागात गाडी मिळायला वेळ लागतो आणि साध्या बसेस आठनंतर विरळ होतात. मालकिणीच्या ओळखीचा एक टॅक्सीवाला आणि एक रिक्षावाला, दोघांचे नंबर गुरुवारीच घेऊन ठेवा.

रविवारी सकाळी जुन्या वस्तीतली पायी फेरी किंवा चोडणची होडी, भरती जशी असेल तशी. दुपारचं जेवण थाळीच्या खानावळीत, आणि तेही मुद्दाम एकच्या गर्दीत. त्या वेळी टेबल वाटून घ्यावं लागतं. समोर बसलेला माणूस आधी आपल्या ताटाकडे बघतो, मग तुमच्या, आणि सांगतो की आज इसवण नको, मोडसो घ्या, तो सकाळचा आहे. अशा गप्पा वीस मिनिटांत संपतात आणि पुरेशाही होतात. संध्याकाळी कोकणकन्या. ती मडगावहून सुटून करमळीला थांबते. करमळी पणजीपासून बारा-एक किलोमीटर, त्यामुळे मडगावपर्यंत उलटं जायचं कारण नाही. सकाळी ठाण्यात. गाड्यांच्या वेळा तिकीट काढताना एकदा बघून घ्या.

तारखांबद्दल थोडं. जानेवारी निवडलात ते बरोबर, फक्त पहिला आठवडा सोडा. नाताळापासून नव्या वर्षापर्यंत खोल्यांचे भाव दुप्पटीच्या पुढे जातात आणि रस्ते तुंबलेले असतात. पुढच्या वेळी यायचं झालं तर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो तेव्हा या. राहायला महाग पडेल, महिने-दोन महिने आधी खोली धरावी लागेल. पण संध्याकाळ कशी घालवायची हा प्रश्नच उरत नाही, जागोजागी काही ना काही चालू असतं आणि निम्मी माणसं एकेकटीच हिंडत असतात. पावसाळ्यात किनारे बंद झाल्यासारखे असतात, शॅक नसतात, समुद्रात जाता येत नाही. पणजी मात्र पावसातही चालू राहते, कारण ती किनाऱ्यावर जगत नाही.

घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही जाणता. माझ्याकडच्या पाहुण्यांना मी एवढंच म्हणते की दिवसातून दोन ठरलेल्या वेळा द्या, सकाळी निघताना आणि रात्री खोलीवर आल्यावर. तासातासाला फोन यायला लागले की फिरणं फोनवरच होतं. खोलीचा पत्ता आणि मालकिणीचा नंबर घरी एकाला देऊन ठेवा. अडचण आली तर ११२.

राहिली स्कूटर. ठाण्यात रोज चालवत असाल तरच घ्या, आणि तीही फक्त शुक्रवारी दिवसा. गोव्यात शिकायला म्हणून घेऊ नका. इथले रस्ते अरुंद, वळणं आंधळी, आणि समोरून येणारा पर्यटकही तुमच्यासारखाच नवखा असतो. मला दिसतात ते सोललेले गुडघे बहुतेक दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे हात जरा बसला असं वाटून वेग वाढवल्यावरचे. घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, ती भाड्याने द्यायला परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हाला आणि अपघात झाला तर विम्याचीही भानगड. ताब्यात घेताना आधीचे सगळे ओरखडे मोबाइलवर चित्रित करून ठेवा, मूळ आधारकार्ड कुणाकडे ठेवू नका, हेल्मेट आपल्या डोक्याचं मागून घ्या. नाही घेतलीत तर बस आहे आणि पिवळ्या मडगार्डचे पायलट आहेत, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसवून सोडणारे. भाडं बसण्याआधी ठरवायचं. पणजीत राहिलात तर चार दिवसांत त्यांचीही गरज दोन-तीनदाच पडेल.